रामटेके मॅडम रुजू झाल्या तो दिवस

सर्व संबंधितांस याद्वारे कळविण्यात येते की, साकोली आणि लाखनी यांच्या मध्ये कुठेतरी असलेल्या आमच्या पाणीवाटप शाखेत पाच टेबलं, सहा खुर्च्या, एक गळका माठ आणि स्वतःच्या मर्जीने फिरणारा एक पंखा एवढ्या संपत्तीसह जो कर्मचारीवर्ग नांदत होता, त्यास मार्चमधल्या एका सोमवारी मयत कर्मचाऱ्याच्या फोनवरून एक हालचाल प्राप्त झाली. सदर हालचालीची नोंद आवक नोंदवहीत घेण्यात आलेली नाही. सबब ती इथे घेण्यात येत आहे.

शाखेचं नाव सांगत नाही. तिची अब्रू आधीच पातळ आहे, आणि मी तिथे सतरा वर्षं मोजणीदार होतो, म्हणजे त्या पातळपणात माझंही पाणी आहे. सांगायचं आहे ते सुजाता रामटेके यांच्याबद्दल. आमच्या त्या लिपिक. त्यांना आम्ही सगळे 'मॅडम' म्हणत असू. शाखेत दुसरी बाई नव्हती म्हणून नव्हे, तर दुसरं काही म्हणायची कोणाची छाती नव्हती म्हणून.

उंची बेताची, आवाज त्याहून बेताचा. कागदाची एक बाजू वापरली गेली की दुसरी बाजू आपलीच आहे अशी त्यांची समजूत, त्यामुळे सरकारी पत्रांच्या पाठीवर त्यांचं सगळं खासगी जग लिहिलेलं असे. मी सकाळी ऑफिसात शिरून एखादी हकिगत रंगवायला घेतली, की त्या मान वर न करता म्हणत, "आकडा सांगा. कहाणी चहासोबत." आणि चहा आला की खरंच पेन्सिल खाली ठेवून पूर्ण कहाणी ऐकत. शेवटी विचारत, "याच्यातलं खरं किती?" मी निम्मं म्हटलं की त्या समाधानाने मान हलवत. हिशेब जुळल्यासारखी.

त्यांचे यजमान अनिल रामटेके आमचेच कालवा निरीक्षक. आम्ही त्यांना भाऊ म्हणायचो. नवरा-बायको एका स्कूटरवर घरून निघत. ऑफिसच्या फाटकापाशी मॅडम उतरल्या की तिथून आत ते फक्त सहकारी. त्या त्यांना 'रामटेके' म्हणत, ते त्यांना 'मॅडम'. घरी काय म्हणत होते ते आम्हाला कधी कळलं नाही, आणि ते कळून घेण्याचे माझे सगळे प्रयत्न वाया गेले.

व्हॉट्सॲपवरचा आमचा ग्रुप भाऊंनीच काढलेला. काम साधं. प्रत्येक तलावावरच्या माणसाने सकाळी पायऱ्या उतरून गेजच्या पट्टीवर पाणी कुठे टेकलं ते वाचायचं, पट्टीचा फोटो काढायचा, आकडा लिहून ग्रुपवर टाकायचा. मॅडम नऊच्या आत सगळे आकडे एका तक्त्यात भरून वर पाठवत. त्या आकड्यांवर ठरे की कालवा किती दिवस चालेल आणि कोणाच्या उन्हाळी धानाला पाणी मिळेल. भाऊंचा दंडक असा की या ग्रुपवर शुभ सकाळ, फुलं, देवदेवता, लग्नपत्रिका काही यायचं नाही. ॲडमिन एकटे तेच. दुसऱ्या कोणाला ॲडमिन करा म्हटलं तर म्हणत, "किल्ली दोघांपाशी असली का कुलूप कोणाचंच नसते."

एकदा मॅडमनीच दंडक मोडला. दुपारी ग्रुपवर लिहिलं, "रामटेके यांनी येताना अर्धा किलो वांगी आणावीत." दोन मिनिटांत आम्हा सगळ्यांच्या फोनवर ओळ उमटली: रामटेके भाऊंनी मॅडमना ग्रुपमधून काढलं. मॅडम शांतपणे टाचण्या मोजत बसल्या. दुसऱ्या दिवशी सकाळी भाऊ जरा वाळलेले दिसले, आणि पावणेनऊला ओळ आली: रामटेके भाऊंनी मॅडमना ग्रुपमध्ये घेतलं. मी विचारलं, "भाऊ, काल जेवलात का?" ते म्हणाले, "चौकशी प्रलंबित हाय."

आता मॅडमच्या एका शास्त्राबद्दल सांगायला हवं. रजेवरून परत आलेल्या माणसाला कामात कसं घ्यायचं, हे ते शास्त्र. तसं शास्त्र असतं हेच आम्हाला त्यांच्यामुळे कळलं. मला कावीळ झाली आणि मी दोन महिने घरी होतो. परत आलो तेव्हा माझ्या मनात भव्य स्वागताचं चित्र होतं. मॅडमनी मान वर केली, "बसा," म्हणाल्या, आणि एक पाठकोरा कागद पुढे केला. त्यावर तीन रकाने. पहिला: कळलं पाहिजे. दुसरा: नाही कळलं तरी चालेल. तिसरा: विचारायचं नाही. पहिल्यात कालव्याची नवी पाळी, बदललेला नमुना, माझ्या कपाटाची किल्ली कुठे. दुसऱ्यात नव्या साहेबांना वांग्याची ॲलर्जी. तिसऱ्यात आमच्याच दोघा सहकाऱ्यांबद्दल एकच ओळ: पराते आणि कापगते बोलत नाहीत, कारण दोघांनाही आठवत नाही.

मग म्हणाल्या, "फोन काढा." ग्रुपवर दोन महिन्यांचे हजारभर निरोप साचलेले. मी वाचायला सुरुवात करणार तर त्यांनी हात मध्ये घातला. "हे वाचाचं नाही. कागदावर हाय तेवढंच झालं समजा. आता सगळं पुसा, माह्या समोर." पुसलं. "आन ग्रुपचा आवाज आठ दिवस बंद ठेवा. सकाळी एकदा, संध्याकाळी एकदा पाहा."

ग्रुपवर कोणी 'स्वागत आहे' लिहिलं नाही. मी मनातून दुखावलो. तासाभराने मॅडमचाच निरोप आला: "मोजणीदार, खालच्या वितरिकेचं जुनं मोजणीपत्रक कुठल्या गठ्ठ्यात आहे?" ते फक्त मलाच माहीत होतं. मी उत्तर लिहिलं. दोघांनी अंगठा दाखवला. संपलं. संध्याकाळी मी विचारलं, "मॅडम, स्वागताचा एक शब्द तर टाकाचा होता."

"टाकला असता तर बाकीच्यांनीही टाकला असता. पाच लोकायले पाचदा धन्यवाद लिहा लागले असते तुमाले, आन प्रत्येकाले तब्येत सांगा लागली असती. थकलेल्या माणसाले कायले कामाले लावाचं?" मग पेन्सिल कानामागे खोचून म्हणाल्या, "परत आलेल्या माणसाले प्रश्न तो विचाराचा, ज्याचं उत्तर त्यालेच येते. मंग तो आलाच समजा."

पत्रक कुठल्या गठ्ठ्यात आहे ते त्यांना पक्कं ठाऊक होतं. गठ्ठा त्यांनीच बांधलेला.

त्या ऑगस्टात भाऊ गेले. मोठ्या तलावावर सकाळी नेहमीप्रमाणे पायऱ्या उतरले, पट्टीचा फोटो काढला, ग्रुपवर टाकला, आणि तिथेच पायरीवर बसले. चौकीदार कापगते पाळीवरून, म्हणजे तलावाच्या बांधावरून, हाका मारत होता. त्याला वाटलं भाऊ पाण्याकडे बघत बसलेत. खाली जाऊन खांद्यावर हात ठेवला तेव्हा कळलं. हृदयविकार, डॉक्टर म्हणाले. भाऊंचा ग्रुपवरचा शेवटचा फोटो तो: निळसर पट्टी, गढूळ पाणी, आणि कोपऱ्यात भाऊंच्या चपलेचा अंगठा. मॅडमनी तो आकडा तक्त्यात भरून वर पाठवला होता. त्यानंतर अर्ध्या तासाने त्यांना फोन आला.

पुण्यानुमोदनाच्या कार्यक्रमाला आम्ही सगळे गेलो. तोवर फोटोखाली ग्रुपवर कोणी काहीच टाकलं नव्हतं. त्याच संध्याकाळी एक ओळ आली: मॅडम ग्रुपमधून बाहेर पडल्या.  मग रजा. आधी अर्जित, मग अर्धपगारी, मग वैद्यकीय प्रमाणपत्रावर वाढवत वाढवत सात महिने. त्यांचा पदभार माझ्याकडे आला, म्हणजे तक्ता माझ्याकडे आला. मध्येच वरून कळलं की मॅडमनी भंडाऱ्याला, भावाच्या गावाला, बदली मागितली आहे. अर्ज मान्य होता. रुजू झाल्यापासून सात दिवसांत त्यांनी लेखी होकार द्यायचा, इतकंच बाकी होतं. त्या गेल्या असत्या तर त्यांची जागा भरली जाणार नव्हती आणि शाखा दुसरीकडे जोडली जाणार होती. आमचं ते पोटाचं दुखणं. पण मनातलं दुखणं वेगळं होतं आणि त्याला नाव द्यायला कोणी तयार नव्हतं.

नाव देतो. मोठ्या तलावाच्या पायऱ्या कोणी उतरत नव्हतं.

पट्टी वाचायची जबाबदारी परातेकडे आली होती. पराते पवनीचा, घरी हातमाग. बोटं सुतासारखी बारीक आणि काळीजही तितकंच. पहिले काही दिवस तो कापगतेला घेऊन गेला. जवळ जवळ वर्षभर न बोललेली ती दोन माणसं पाळीवर शेजारी उभी राहू लागली, हा भाऊंनी मेल्यावर केलेला समेट. पण दोघंही खाली जाईनात. पाणी उतरत गेलं तशी भाऊ बसले होते ती पायरी उघडी पडली, कोरडी झाली. पट्टी तिच्याही खाली. म्हणजे ती पायरी ओलांडल्याशिवाय आकडा मिळणार नव्हता. पराते पाळीवरून डोळे बारीक करून अंदाजाने आकडा टाकायचा. फोटोचं विचारलं तर म्हणायचा, "नेटवर्क नाही न मोजणीदार, फोटो जाऊनच नाही राहिला." मी तो आकडा तक्त्यात भरायचो. मीही एकदा तिथे गेलो होतो. पाळीवरून बघितलं, आणि मलाही नेटवर्क मिळालं नाही.

भाऊंचा नंबर ग्रुपवर तसाच होता. आमचे शाखा अभियंता बोरकर साहेब, मूळचे इकडचेच, भंडाऱ्याजवळच्या शहापूरचे, पण ऑफिसात अत्यंत शुद्ध शासकीय मराठी बोलणारे तरुण गृहस्थ, एकदा म्हणाले की आपण नवीन समूह निर्माण करावा काय. कापगते म्हणाला, "साहेब, भाऊचा ग्रुप सोडून नवा काढनं म्हंजे भाऊले दुसऱ्यांदा पोचवनं होय." विषय संपला.

आणि मग कापगतेनेच एक दिवस मेख मारली. "मोजणीदार, टिका निळ्या कायले होतेत?"

मी सांगितलं, ग्रुपवर सगळ्यांनी वाचलं की निरोपाखालच्या दोन खुणा निळ्या होतात. एकानेही वाचलं नाही तर करड्या राहतात.

"सगळ्याईनं म्हंजे सगळ्याईनं?"

"सगळ्यांनी."

"मंग भाऊ धरून."

पराते हसला. मी हसलो. बोरकर साहेब म्हणाले, ही तांत्रिक बाब असावी. मग प्रत्येकाने आपापला फोन खिशात टाकला. आता, निरोपावर बोट दाबून धरलं की तो कोणी वाचला आणि किती वाजता, याची नावानिशी यादी मिळते. हे आम्हाला चौघांनाही माहीत होतं. अर्ध्या मिनिटाचं काम. सात महिने रोज सकाळी खुणा निळ्या होत होत्या आणि चार बाप्यांपैकी एकानेही ते बोट दाबलं नाही. दाबलं असतं तर पुढचा सगळा तमाशा टळला असता, आणि मला ही गोष्ट सांगता आली नसती.

मॅडम सोमवारी रुजू होणार असं पत्र आलं. आम्ही ठरवलं, त्यांचं शास्त्र त्यांच्यावरच चालवायचं. आणि ते ठरवायला, सोयीचं म्हणून, भाऊंच्या ग्रुपचाच वापर केला. मॅडम तिथे नव्हत्याच. रविवारी दिवसभर मसलत चालली. बोरकर साहेबांनी मुद्दे काढले:

एक. भाऊंचा उल्लेख कोणीही करू नये.

दोन. कापगते यांनी रडू नये. आवरत नसल्यास मागे पंपाजवळ जावे.

तीन. पराते यांनी आपल्या सासऱ्यांच्या अटॅकची हकिगत सांगू नये.

चार. बदलीबाबत कोणीही चकार शब्द काढू नये. मॅडमचा निर्णय मॅडमचाच असावा.

पाचवा मुद्दा माझा. मी लिहिलं, मॅडमना ग्रुपमध्ये परत घेतलं की एक अडचण आहे. मधल्या सात महिन्यांचे निरोप त्यांच्या फोनवर येणार नाहीत. त्यांच्या फोनवर जुनं सगळं जिथे थांबलं तिथेच थांबलेलं असणार. ग्रुप उघडला की समोर भाऊंचा शेवटचा फोटो, आणि त्याच्याखाली लगेच आजचा दिवस.

 मग परातेने तोड सुचवली, आणि मी ती उचलून धरली: मॅडमना ग्रुपमध्ये घेतल्याबरोबर प्रत्येकाने धडाधड दहा दहा निरोप टाकायचे. काहीही. चाळीस निरोपांनी फोटो वर ढकलला जाईल, नजरेआड होईल. थकलेल्या माणसावर निरोपांचा मारा करू नये हे ज्यांनी आम्हाला शिकवलं, त्यांच्यासाठी आम्ही चाळीसाचा मारा योजला. कापगतेने विचारलं, "दहा काय लिव्हू?" मी लिहिलं, बैलांची नावं लिही.

रात्री खुणा निळ्या झाल्या. मी फोन उपडा ठेवला.

सोमवारी मॅडम आल्या. पांढरी सुती साडी नाही, काही नाही. नेहमीची फिकट हिरवी. बसने आल्या होत्या. फाटकापासून आत येताना एकदा मागे वळून पाहिलं, स्कूटर लावायच्या जागेकडे, आणि आल्या. साहेबांना तंदुरुस्तीचा दाखला दिला, रुजू अहवाल दोन प्रतींत लिहिला, वेळेपुढे 'मध्यान्हपूर्व' लिहायला मी कधीच विसरतो, त्या विसरल्या नाहीत. हजेरीपटावर सही केली. मी पदभाराची यादी वाचली: शिक्के तीन, किल्ल्या दोन, तक्त्यांच्या फायली. त्यांनी प्रत्येकीपुढे खूण केली. मग मी माझा पाठकोरा कागद पुढे केला. तीन रकाने. फार अभिमानाने केलेला. त्यांनी तो वाचला. पहिला रकाना भरलेला. दुसऱ्यात कापगते आणि पराते बोलू लागले. तिसरा रकाना कोरा, कारण तिथे काय लिहायचं ते मला सुचलं नव्हतं.

"चांगला जमला," त्या म्हणाल्या. कागदाची घडी घालून पर्समध्ये ठेवली.

चहा आला. माठ गळत होता, थेंब थेंब. कापगते दाराशी उभा, ओठ आवळून. त्याचा चेहरा लाल होत चालला होता. हळूच सरकत तो मागच्या दाराकडे निघाला.

मॅडम चहा ढवळत होत्या. वर न बघता म्हणाल्या, "कापगते, पंपाजवळ जाऊ नका. तिथं चिखल हाय. इथंच रडा."

कापगते जागीच थांबला. पराते माझ्याकडे बघू लागला. मी साहेबांकडे. साहेबांनी घाईघाईने विषय बदलला. "मॅडम, आपणास आता समूहात समाविष्ट करून घेतो," म्हणत त्यांनी फोन काढला. बोटं फिरवली. पुन्हा फिरवली. कान लाल झाले. "हे... केवळ ॲडमिनला शक्य आहे असं दर्शवीत आहे."

आम्ही तिघांनी आपापल्या फोनवर पाहिलं, जणू रात्रीतून आमच्यापैकी कोणी ॲडमिन झाला असेल. ॲडमिन एकच. त्या नावापुढे तळ्याकाठी छत्री घेऊन उभ्या असलेल्या माणसाचा गोल फोटो. रविवारभर आम्ही सगळी योजना बांधली, आणि ग्रुपची किल्ली कोणाजवळ आहे हे कोणाच्याही डोक्यात आलं नाही.

"थांबा," मॅडम म्हणाल्या, आणि पर्स मांडीवर घेतली.

चार फोन एकदम वाजले. साहेबांच्या हातातला, माझ्या खिशातला, परातेचा, कापगतेचा. मी पाहिलं. भर दिवसा, साडेअकराच्या उजेडात, पंख्याखाली, अक्षरं स्पष्ट होती.

रामटेके भाऊंनी मॅडमना ग्रुपमध्ये घेतलं.

कापगते दाराच्या चौकटीला धरून खाली बसला. परातेच्या हातातला चहा हिंदकळून शर्टावर गेला आणि त्याला ते कळलं नाही. मी आयुष्यात पुष्कळ भुताच्या गोष्टी सांगितल्या आहेत, त्यातल्या निम्म्या खऱ्या म्हणून. त्या क्षणी माझ्या मानेवरचे केस उभे राहिले ते अगदी गोष्टीतल्यासारखे. मॅडमच्या हातात भाऊंचा जुना फोन होता, काचेला तडा गेलेला. हे मी डोळ्यांनी पाहत होतो. तरीही सांगतो, काही क्षण मला वाटलं की घेतलं ते भाऊंनीच.

मग त्यांचा स्वतःचा फोन वाजला. त्यांनी उघडला. फोटो समोर असणार: पट्टी, गढूळ पाणी, चपलेचा अंगठा. त्या बघत राहिल्या.  शेवटी त्या म्हणाल्या, "काय झालं? टाका न तुमचे दहा दहा."

साहेबांनी हातातला फोन हळूच खिशात सारला.

"कापगते, बैल किती हायेत तुमच्याकडे? दोनच न? दहा नावं कुठून आणता?"

कापगते तेव्हा रडला. मोठ्याने, पोरासारखा. मॅडम त्याच्याकडे बघत होत्या आणि त्यांच्या चेहऱ्यावर हसू होतं, आणि डोळ्यांतून पाणी चाललं होतं, दोन्ही एकाच वेळी, आणि दोन्हीची त्यांना घाई नव्हती.

"सात महिने मी त्याचा फोन चार्जिंगले लावत होती," त्या म्हणाल्या. नवऱ्याला 'तो' म्हणताना आम्ही त्यांना पहिल्यांदाच ऐकलं. "सकाळी आठ वाजले का हात आपोआप जाये. वाटे, आज पट्टी येईन. तुमचे निरोप येत. तुम्ही भांडा, चुका करा, मी वाचत बसो. त्याच्या घरात बसून खिडकीतून ऑफिस पाहिल्यावानी." मग त्यांनी परातेकडे पाहिलं. आवाज पुन्हा ऑफिसचा झाला. "आकडा सांगा पराते. मोठ्या तलावाचा."

परातेने सांगितला. पुटपुटत.

"हाच एकवीस दिवसांपासून हाय. वर ऊन तापून राहिलं, खाली कालवा सुरू हाय, आन तलाव जागचा हलत नाही. काहून?"

या प्रश्नाचं उत्तर आम्हा चौघांनाच येत होतं.  पराते शर्टावरचा चहा चोळत राहिला. मी माठाकडे बघितलं. मॅडमनी आम्हा एकेकाच्या तोंडाकडे बघितलं, आणि मला वाटतं त्यांना कळलं, कारण त्यांनी पुन्हा विचारलं नाही.

"साहेब," त्या म्हणाल्या, "तो बदलीच्या होकाराचा कागद उद्या सकाळी तलावावर घेऊन या. तिथंच भरते."

तो कागद कोराच परत गेला आणि त्याच्यासोबत मॅडमचं नकाराचं चार ओळींचं पत्र गेलं, हे फायलीत आहे. मॅडम निवृत्तीपर्यंत, आणखी सहा वर्षं, त्याच टेबलाशी बसल्या. त्यांनी मला ॲडमिन केलं, साहेबांनाही केलं, आणि भाऊंचा फोन एक दिवस बंद करून घरी कपाटात ठेवला. त्यानंतर आमच्या ग्रुपवरचा एकही निरोप कधी निळा झाला नाही. नवीन लोक विचारतात, आम्ही सांगत नाही. निवृत्त होऊन त्या भंडाऱ्याला भावाकडे गेल्या आणि गेल्या हिवाळ्यात तिथेच वारल्या. मी गेलो होतो. पण त्यांचं शेवटचं दर्शन म्हणून माझ्या डोळ्यांपुढे ते येत नाही. येते ती मंगळवारची सकाळ. आणि होकाराचा कागद कोरा का गेला, ते मात्र फायलीत नाही, त्या सकाळीतच आहे.

मोह फुलला होता. पाळीवर त्याचा दाट, आंबूस वास. साहेबांसोबत आम्ही तिघंही न बोलावता आलो होतो. साहेबांनी कागद प्लॅस्टिकच्या फायलीत आणला होता, पेनासकट, आणि वाटेत आम्हाला चौथ्या मुद्द्याची आठवण करून दिली होती: चकार शब्द नाही. पाणी खूपच खाली गेलं होतं. वरून पट्टीचं फक्त टोक दिसत होतं.

मॅडमनी चपला पाळीवर काढल्या आणि उतरायला लागल्या. एकेक पायरी, उजवा पाय आधी, साडीचा काठ एका हातात. आम्ही वर रांगेत, कोणाच्या तरी लग्नातले फोटो काढायला उभे केल्यासारखे. त्या पायरीपाशी त्या थांबल्या. मला वाटलं ओलांडतील. त्यांनी ओलांडली नाही. त्या तिच्यावर बसल्या. पाण्याकडे तोंड करून, पाठ आमच्याकडे. किती वेळ ते सांगता येणार नाही. एक बगळा उडाला आणि परत येऊन बसला एवढा वेळ. पाणकोंबड्या ओरडत होत्या. माझ्या शेजारी कापगते दोन्ही हातांनी माझा दंड धरून होता.

मग त्या उठल्या, खाली गेल्या, वाकल्या. फोटो काढला. आणि वर तोंड करून, पाण्यावरून येणाऱ्या त्या बेताच्या आवाजात, आकडा सांगितला. आमच्या आकड्यापेक्षा हातभर कमी होता. हातभर पाणी आम्ही सात महिन्यांत भीतीने भरलं होतं.

त्या वर आल्या. दमल्या होत्या. काठ ओला. चपला घातल्या नाहीत, तशाच उभ्या राहिल्या आणि साहेबांपुढे हात केला, कागदासाठी. साहेबांनी फाईल पुढे केली. पेनाचं टोपण काढून दिलं. मॅडमनी पेन कागदावर टेकवलं. आम्ही तिघांनी पाण्याकडे बघितलं, मुद्दा क्रमांक चारप्रमाणे. आणि ज्या माणसाने आल्यापासून एकदाही ऑफिसात बोलीतला शब्द काढला नव्हता, ज्याने चौथा मुद्दा स्वतः लिहिला होता, त्या बोरकर साहेबांच्या तोंडून, त्यांनाही नकळत, बाहेर पडलं:

"मॅडम, जाऊ नका न. आमाले खाली उतराले भेव लागते."